बाप झाल्यावर ओढ का ओसरते?



या पानावर आजवर आम्ही बाळंतिणीच्या आहाराबद्दल, रक्त वाढवण्याबद्दल, बाळाच्या डोसांबद्दल लिहिले. या सगळ्यात बाप कुठेच नव्हता. शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या वस्त्यांत फिरताना मात्र तरुण बाप आम्हाला बाजूला घेऊन, इकडेतिकडे बघत एकच गोष्ट विचारतात. "सिस्टर, मूल झाल्यापासून बायकोजवळ जावंसं वाटत नाही. माझ्यात काही बिघडलंय का?" कधी हाच प्रश्न बायको विचारते, पण शब्द वेगळे असतात. "ताई, हे माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. मी आवडेनाशी झाले का?"

हा विषय मासिकात कशाला, असे काहींना वाटेल. त्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. र. धों. कर्वे त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र घेऊन कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लोकांनी प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळाले पाहिजे, ही बाजू बाबासाहेबांनी उघडपणे मांडली. तेव्हा उत्तर देऊया.

एका घरातली गोष्ट

एका जोडप्याची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतो. नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही थोडे बदलले आहेत.

नवरा सत्तावीस वर्षांचा, आसनगावच्या बाजूला राहणारा, भिवंडीच्या गोदामात पॅकिंगला. पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. बायकोचे माहेर मुरबाड तालुक्यात. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले. तो सुट्टीच्या दिवशी किन्हवली-सरळगाव करत सासुरवाडीला जायचा, बाळाला तासभर मांडीवर घ्यायचा आणि परत यायचा. बाळ चौथ्या महिन्यात लागले तेव्हा बायको नांदायला आली. घर एका खोलीचे, वर पत्रे, पुढे ओटी. घरात आई आणि धाकटा भाऊ.

लग्नानंतरच्या दोन वर्षांत दोघांचे चांगले जमले होते. आता मात्र दोन महिने झाले तरी तो तिच्या अंगाला हात लावत नव्हता. तिला वाटले, पोट सुटले, अंगावर दुधाचा वास येतो, म्हणून मन उडाले. मग गोदामातली कुणीतरी असेल असा संशय आला. सासूला वाटले, पोराला कुणी काही केले. आणि त्याला स्वतःला वाटले, आपली ताकद गेली. रस्त्याकडेच्या तंबूतून त्याने तीन हजारांचे चूर्ण आणले. त्यातले दोन हजार उसने होते. चूर्णाने काहीच झाले नाही, तेव्हा पाळी सुटल्यावर पिऊन यायला लागला. आमच्याकडे विषय आला तो भांडणातून. तिने बॅग भरली होती.

या घरात चार माणसांनी चार कारणे शोधली होती. खरे कारण पाचवेच होते.

बापाच्या अंगात काय होते

बाळंतपणाने बाईच्या शरीरात बदल होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुरुषाच्या शरीरातही होतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन नावाचे एक संप्रेरक असते. ते मुख्यतः अंडकोषात तयार होते. दाढी-मिशा, स्नायू आणि शरीरसंबंधाची इच्छा यांच्याशी त्याचा संबंध असतो. फिलिपाइन्स देशातल्या सेबू या ठिकाणी अभ्यासकांनी सहाशेहून अधिक तरुणांची लाळ २००५ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये तपासली. अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मधल्या चार वर्षांत जे बाप झाले, त्यांचे सकाळचे टेस्टोस्टेरॉन सुमारे २६ टक्के आणि संध्याकाळचे सुमारे ३४ टक्के उतरलेले दिसले. ज्यांचे बाळ अगदी तान्हे, महिन्याच्या आतले होते, त्यांच्यात ही घट जास्त होती. आणि जे बाप रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचे करत होते, त्यांची पातळी मुलाचे न करणाऱ्या बापांपेक्षा कमी होती.

म्हणजे यात आजारी माणसे नव्हती, धडधाकट तरुण होते. शरीर जोडीदार शोधण्याच्या कामातून थोडे मागे येते आणि बाळ सांभाळण्याकडे वळते, असा याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. जो बाप बाळाचे करतो, त्याच्यात घट जास्त, हे नीट ध्यानात घ्या. "बायकी कामे करून मर्दानगी गेली" म्हणून हसणाऱ्यांनी तर जरूर घ्या. ही घट नामर्दपणाचा पुरावा नाही. अपत्यासोबत राहणाऱ्या बापाचे शरीर असेच वागते.

पण एवढ्यावर सगळे भागत नाही. इच्छा केवळ एका संप्रेरकावर चालत नाही. पातळी थोडी उतरूनही अनेक बापांची इच्छा शाबूत असते. आमच्या या तरुणाची ओढ जवळजवळ शून्यावर का आली, याचे उत्तर त्याच्या झोपेत सापडले.

झोपेचा हिशेब

टेस्टोस्टेरॉनचा मोठा भाग झोपेत तयार होतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिले. आठवड्यातच त्यांची दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी उतरली, आणि अंगात जोम नाही असे ते सांगू लागले. दहाच माणसांचा प्रयोग, तेव्हा आकड्याला चिकटून बसू नये. पण दिशा स्पष्ट आहे.

आम्ही त्या तरुणाला वहीच्या पानावर एका रात्रीचा हिशेब मांडायला लावला. पाळी सुटून घरी यायला पावणेबारा. जेवून आडवे व्हायला साडेबारा. दीडला बाळ उठायचे, अर्धा तास जायचा. साडेतीनला पुन्हा अर्धा तास. सव्वापाचला तिसऱ्यांदा उठले की झोप संपायची, कारण सहाला नळाला पाणी. अंथरुणात तो साडेपाच तास असायचा, पण झोप भरायची पावणेचार तास. तीही तीन तुकड्यांत: एक तास, मग दीड तास, मग सव्वा तास. दिवसा पत्र्याखाली झोप येत नसे. अमेरिकेतल्या त्या तरुणांना पाच तास मिळाले होते, याला पावणेचार, आणि हे दोन महिने रोज.

तुकड्यातुकड्याने झोपलेल्या माणसाला चीड लवकर येते, डोके सुन्न राहते, आणि अंग पडले की फक्त झोप हवी असते. अशा अवस्थेत बायको जवळ आली तर तिचा स्पर्शही "आणखी एक काम" वाटतो. त्यात दारू पडली की झोप लागल्यासारखी वाटते, पण नंतरच्या रात्रीत ती मोडते आणि लिंगाला ताठरताही कमी येते. म्हणजे ज्या उपायाकडे तो वळला, त्यानेच गाठ आणखी घट्ट केली.

बायकोचा हिशेबही मांडला. तिला रात्रभरात सलग दोन तासही मिळत नव्हते. अंगावर पाजत असताना बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी राहते. त्यामुळे योनीमार्ग कोरडा राहतो, संबंधात आग होते आणि इच्छाही मंदावते. दिवसभर बाळ अंगाला चिकटलेले असते, म्हणून रात्री कुणीच हात लावू नये असेही अनेकींना वाटते. म्हणजे ओढ दोघांचीही ओसरली होती. फरक एवढाच की तिच्या बाबतीत घराने "बाळंतीण आहे" म्हणून समजून घेतले. त्याच्या बाबतीत समजून घेण्याची कुणाला कल्पनाच नव्हती.

आधी झोप, मग बाकीचे

म्हणून पहिले दोन आठवडे आम्ही शरीरसंबंधाचा विषयच बाजूला ठेवला. लक्ष्य एकच: दोघांनाही रात्री जास्तीत जास्त सलग झोप.

त्यासाठी घर एकत्र बसवले. सासू, दीर, नवरा, बायको. वाटणी अशी ठरली. बायकोने साडेआठला बाळाला पोटभर पाजून झोपायचे. बारापर्यंत बाळ सासूकडे. मध्ये भुकेने रडलेच तर आधी काढून ठेवलेले आईचे दूध उकळलेल्या वाटी-चमच्याने द्यायचे. दूध झाकून ठेवायचे आणि आपल्याकडच्या उकाड्यात दोन-तीन तासांत संपवायचे. बाटली वापरायची नाही, ती नीट धुतली जात नाही आणि जुलाब होतात.

नवऱ्याने आठवड्यातल्या चार रात्री ओटीवर झोपायचे, सव्वाबारा ते सव्वापाच. त्या रात्री त्याला कुणी उठवायचे नाही. सव्वापाचला बाळ पिऊन झाले की ते त्याच्या ताब्यात. दुपटे बदलणे, खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, ओटीवर फिरवणे हे सगळे त्याने करायचे आणि बायकोने सातपर्यंत झोपायचे. नळाचे पाणी धाकट्या भावाने भरायचे. उरलेल्या तीन रात्री तो बाळाला उठायचा. दुपारी कामावर जाण्याआधी शेजारच्या कौलारू घराच्या ओटीवर तासभर आडवा व्हायचा. त्या घराला आम्ही स्वतः विनंती केली.

या वाटणीत दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, नवरा ओटीवर झोपला की शेजारपाजार बोलते आणि बायकोला पुन्हा संशय येतो. म्हणून वेगळे झोपण्याचे कारण आधी दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगायचे. ते झोपेसाठी आहे, रागासाठी नाही. दुसरी, नवरा झोप घेतो आणि सकाळची जबाबदारी विसरतो. मग बाईचे हाल दुप्पट होतात. आठवड्याने दोघांची सलग झोप मोजायची. एकाचीच वाढली असेल तर वाटणी चुकली आहे.

आणखी एक पक्का नियम. दारू प्यायलेल्या माणसाने बाळाला अंथरुणात घेऊन झोपायचे नाही. झोपेत बाळ दबून गुदमरू शकते.

दहा-बारा दिवसांत तो म्हणाला, "ताई, डोकं हलकं झालं. आणि सकाळी... पूर्वीसारखं होतंय." म्हणजे सकाळी उठताना ताठरता येऊ लागली होती. ही खूण महत्त्वाची आहे. रक्तवाहिन्या आणि नसा बहुतेक ठीक आहेत, यंत्र बिघडलेले नाही, असे ती सांगते.

पुन्हा जवळ येण्याच्या तीन पायऱ्या

झोप सुधारली म्हणून ओढ लगेच परत येत नाही. चार-सहा महिन्यांत दोघांना एकमेकांच्या शरीराची सवय सुटलेली असते आणि मनात भीती बसलेली असते. तो घाबरतो, "जमलं नाही तर?" ती घाबरते, "हात लावला की पुढे जाणार, आणि दुखणार." या भीतीवर उपाय असा की काही काळ शेवटची गोष्ट ठरवून बंद ठेवायची. लैंगिक समस्यांवर उपचार करणारे जगभर ही पद्धत वापरतात. आम्ही ती आपल्या घरांना जमेल अशी सांगतो.

पहिली पायरी, साधारण दोन आठवडे. संबंध बंद, दोघांच्या संमतीने. आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा मिनिटे एकमेकांना स्पर्श. बाळंतिणीला घरातल्या बाया मालीश करतात, ते नवऱ्याने कधी केलेले नसते. कोमट तेलाने तिची पाठ, खांदे, पोटऱ्या चोळायच्या. पुढच्या खेपेला तिने त्याचे पाय, पाठ. छाती आणि जननेंद्रियांना हात लावायचा नाही. बोलायचे ते एवढेच: इथे बरे वाटते, इथे नको, जरा हळू. एका खोलीच्या घरात हे कधी करायचे? या घरात रविवारी सकाळी आजी बाळाला घेऊन विहारात वंदनेला जाऊ लागली. तासभर दार लावता आले. तुमच्या घरातही असा एक तास शोधा, आणि घरातल्या मोठ्यांनी तो न विचारता द्यावा.

दुसरी पायरी, पुढचे दोन आठवडे. आता सर्वांगाला स्पर्श चालेल, चुंबन चालेल, संबंध अजून बंदच. ताठरता आली तरी पुढे जायचे नाही, नाही आली तरी काळजी करायची नाही. तिच्या स्तनांना स्पर्श करण्याआधी विचारायचे, कारण ते दुखरे असू शकतात. उत्तेजनेत दूध झिरपणे नैसर्गिक आहे. पान्हा सोडणारे संप्रेरक आणि शरीरसुखाच्या वेळी वाढणारे संप्रेरक एकच आहे. त्यात घाण काही नाही. फडके जवळ ठेवावे.

तिसरी पायरी संबंधाची. ती दोघांना हवीशी वाटेल तेव्हाच. बाळंतपणाची जखम किंवा टाके पूर्ण भरलेले हवेत, अंगावरचे जाणे थांबलेले हवे. साधारण सहा आठवडे तरी थांबावे, सिझर झाले असेल किंवा टाके खोल असतील तर तपासून घ्यावे. ती वर किंवा दोघे कुशीवर असतील तर किती आणि किती हळू हे तिच्या हातात राहते. कोरडेपणासाठी मेडिकलमध्ये पाण्याचा अंश असलेली जेली मिळते, ती वापरावी. एक चूक मात्र फार घडते: निरोधसोबत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावतात. तेलाने निरोधचे रबर कमजोर होऊन तो फाटतो. निरोध असेल तर फक्त पाण्याची जेली.

या जोडप्याचे पहिल्या पायरीवरच एकदा बिघडले. पाठ चोळता चोळता तो पुढे गेला. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर आठवडाभर बाळाला मध्ये घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. नियम मोडल्याची खूण अशीच असते. तोंडाने "नाही" येत नाही, अंग आखडते. आम्ही दोघांना परत पहिल्या दिवसावर आणले. तिच्या "नको"ला मान मिळाला नाही तर पुढची कोणतीच पायरी चढता येत नाही. लग्न झाले म्हणून संमती कायमची मिळत नाही.

तिसऱ्या पायरीवर पहिल्यांदा तिला दुखले. ते थांबले, आणि या वेळी थांबल्यावर भांडण झाले नाही. पुढच्या वेळी जेली आणली. आता बाळ सात महिन्यांचे आहे. महिन्यातून दोन-तीनदा जवळ येतात. पूर्वीइतके नाही, पण तिची बॅग माळ्यावर गेली आहे.

पाळणा लांबवल्याशिवाय निश्चिंती नाही

अनेक जोडप्यांत दूर राहण्यामागे न बोललेले एक कारण असते: पुन्हा दिवस गेले तर? ही भीती रास्त आहे. बाळंतपणानंतर पाळी येण्याआधीच बीज सुटते, म्हणून पाळी न येताही दिवस जाऊ शकतात. अंगावर पाजण्याने संरक्षण मिळते ते तीन अटी एकत्र पाळल्या तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी अजून आलेली नाही, आणि बाळाला दिवस-रात्र फक्त अंगावरचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. तीनपैकी एक अट तुटली की संरक्षण संपले. दोन बाळंतपणांत अंतर राहावे म्हणून, बाळ झाल्यावर निदान दोन वर्षे पुढचे दिवस राहू देऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

पाजणाऱ्या आईसाठी निरोध, कॉपर टी, छाया गोळी आणि सहा आठवड्यांनंतर अंतरा इंजेक्शन हे पर्याय चालतात. माला-एन ही गोळी मात्र पाजत असताना पहिले सहा महिने घेऊ नये. हे सर्व सरकारी दवाखान्यात मोफत आहे, निरोध आशाताईंकडेही मिळतो. निरोध मागायला नवऱ्याने स्वतः जावे. ही जबाबदारी फक्त बाईच्या अंगावर टाकू नये.

कधी दवाखाना गाठायचा

वर सांगितले ते झोप आणि बदललेल्या घडीमुळे ओढ ओसरलेल्यांसाठी. काही वेळा कारण वेगळे असते, आणि ते ओळखता येते.

तीन-चार आठवडे झोप सुधारूनही सकाळची ताठरता अजिबात येत नसेल, किंवा इच्छा आहे पण ताठरता टिकत नाही असे होत असेल, तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. खूप तहान, वारंवार लघवी, वजन उतरणे असेल तर लवकर. तंबाखू आणि दारूनेही रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. एखादे नवे औषध सुरू झाल्यापासून त्रास असेल तर ते डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका.

दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटणे, कशातच मन न लागणे, सतत चिडणे, बाळाकडे बघवत नाही असे वाटणे, मरणाचे विचार येणे, ही मनाच्या आजाराची लक्षणे आहेत. बाळंतपणानंतर आईला नैराश्य येते, तसे बापालाही येते. जगभरातले अभ्यास एकत्र केले तेव्हा दर दहा बापांत साधारण एकाला ते आढळले, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना सर्वाधिक. पुरुष रडत नाही, तो पितो, भांडतो, घरी उशिरा येतो, म्हणून ते ओळखू येत नाही. यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. दिवस-रात्र लागतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

बाईला संबंधानंतर रक्त जाणे, घाण वासाचा स्राव, ताप, किंवा जेली वापरूनही प्रत्येक वेळी दुखणे असेल तर थांबा आणि तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. पुढे शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. केसपेपर काढताना खिडकीवर सगळे सांगायची गरज नाही. "अंगात अशक्तपणा आहे, डॉक्टरांशी एकट्याने बोलायचंय," एवढे म्हटले तरी पुरते.

आणि तंबूतल्या चूर्णाबद्दल. "देशी जडीबुटी" म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांत लिंग ताठरवणारे इंग्रजी औषध न सांगता मिसळलेले अनेकदा सापडले आहे. छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी घेणाऱ्याने ते खाल्ले तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. आणि ज्याची झोपच पुरी होत नाही, त्याची ओढ अशा चूर्णाने परत येत नाही.

तो तरुण परवा भेटला. त्याच्या ओळखीतल्या दोन मित्रांना मूल झाले आहे. "त्यांना काय सांगू?" असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, चूर्णाचा पत्ता सोडून सगळे सांग. आणि सुरुवात कुठून करायची ते सांग: वही घ्या, कालची रात्र लिहा, सलग किती तास झोपलात ते मोजा. बायकोचेही मोजा.